पतंग आकाशात, बॅटरी पाताळात

यंदाच्या उत्तरायणात गच्चीवर बाबा नातवाच्या पतंगाचा व्हिडिओ काढत होते. फोनवर 31 टक्के बॅटरी होती. नेमका 'काप्यो छे!' असा ओरडा झाला आणि फोन काळाठिक्कर पडला. दहा मिनिटांनी पुन्हा चालू केला, तर 6 टक्के! बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सगळी सॉफ्टवेअर माणसं मिळूनच हे करतात.

बॅटरी आठवड्यापूर्वीच बदलली होती. दुकानदार म्हणाला होता, "बे-त्रण दिवसमां सेट थई जशे." हे अगदीच खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे.

त्याचं कारण असं, की फोनला बॅटरीत डोकावून पाहता येत नाही. स्कूटरच्या टाकीत तरंगता फ्लोट असतो, तसं बॅटरीत काही नसतं. फोनमधली एक छोटी चिप आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला, याचा हिशेब ठेवते. घरखर्चाच्या वहीसारखाच. पण वहीतली शिल्लक बरोबर यायची, तर सुरुवातीची रक्कम ठाऊक हवी. ती रक्कम म्हणजे बॅटरीची पूर्ण क्षमता. चिप ती गृहीत धरते आणि वापरातून हळूहळू दुरुस्त करत जाते.

मग व्होल्टेज मोजून का सांगत नाही? सांगते, पण लिथियम बॅटरीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात फार कमी हलतं. 60 टक्के आणि 40 टक्के यांत फरक इतका थोडा असतो, की तेवढ्यावरून अंदाज बांधणं धोक्याचं. अगदी शेवटी मात्र ते कड्यावरून पडल्यासारखं कोसळतं. तिथे चिपला वही आणि वास्तव यांतली तफावत कळते आणि ती आकडा एकदम खाली आणते. आपल्याला दिसते ती हीच उडी.

बॅटरी बदलताना बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ही चिप फोनच्या बोर्डावरच राहते. आयफोनमध्ये ती बॅटरीसोबतच असते. बोर्डावरच्या चिपमध्ये जुन्या, थकलेल्या बॅटरीचा हिशेब शिल्लक असेल, तर नवी बॅटरी बरीच भरलेली असतानाही आकडा 1 टक्क्यावर येऊन तासभर अडकून बसतो. ही चूक निरुपद्रवी. उलट, चिप कंपनीचा मूळ आकडा धरून बसली आणि बॅटरी त्याहून लहान निघाली, तर बाबांसारखं होतं.

आमच्या बॅटरीवर 5000 एमएएच छापलं होतं. मी फोन बंद पडेपर्यंत वापरला आणि चार्जरच्या वायरीत यूएसबी मीटर लावून तो बंद ठेवूनच पूर्ण भरला. मीटरने 16 वॉट-तास दाखवले. चार्जिंगमध्ये साधारण 15 टक्के वाया जातात असं धरलं, तर बॅटरीत 13.6 गेले. 3.85 व्होल्टने भागलं की सुमारे 3500 एमएएच. फोन समजत होता 5000. त्याच्या वहीत 31 टक्के, म्हणजे 1550 उरले होते; 3450 खर्च झाले होते. खरी टाकी तेवढ्यात रिकामी!

शिवाय अशा स्वस्त बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असतो. रोध 0.25 ओहम असेल आणि कॅमेऱ्याने 2 अँपिअर ओढले, तर व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने खचतं. भार गेला की ते सावरतं. बाबांना पुन्हा दिसलेले 6 टक्के त्यातलेच. कॉम्प्युटरला फोन जोडून हे पाहता येतं:

```
adb shell dumpsys battery
```

यात `level` म्हणजे टक्के, `voltage` म्हणजे मिलिव्होल्ट. कॅमेरा चालू केल्यावर `level` 30 च्या वर असताना `voltage` 3400 च्या आसपास घसरत असेल, तर संशय घ्यावा.

अपडेटनंतरची उडी वेगळी. फोन रीस्टार्ट होतो, तेव्हा चिप व्होल्टेजवरून शिल्लक पुन्हा जुळवते. कधी कधी हिशेबाची पद्धतच बदलते. अॅपलने एप्रिल 2021 मध्ये आयओएस 14.5 देताना आयफोन 11 च्या मॉडेल्ससाठी बॅटरीच्या आरोग्याचा अंदाज नव्याने बांधायला घेतला आणि त्याला काही आठवडे लागू शकतात असं सांगितलं होतं. शिवाय अपडेटनंतर फोन फोटो, अॅप्स पुन्हा लावत बसतो. तो खर्च मात्र खराच असतो.

उपाय साधा. 100 टक्के झाल्यावरही तासभर चार्जरवर ठेवा, आपोआप बंद होईपर्यंत वापरा, दोन-तीन तास तसाच पडू द्या, मग न थांबता पूर्ण भरा. असं दोनदा केलं की चिपला खरी क्षमता समजते. रोज करू नका, बॅटरी झिजते. दोनदा करूनही फोन मोठ्या आकड्यावरच बंद पडत असेल, तर दोष हिशेबाचा नाही, मालाचा.

मीटरचा फोटो दाखवल्यावर दुकानदाराने मुकाट्याने दुसरी बॅटरी घातली. तिला 22 वॉट-तास लागले. बाबा मात्र अजून 40 टक्के दिसले की चार्जर शोधतात.