जर्नल क्लबमध्ये आधी काय विचारावं?

जर्नल क्लबमध्ये एमडीचे विद्यार्थी अनेकदा थेट निष्कर्षावर येतात. पहिली स्लाइड प्रश्नाची हवी: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, मोजलं काय. ब्रिटनमधली २०२० ची ‘रिकव्हरी’ चाचणी घ्या. कोविडने दाखल झालेल्या रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन किंवा फक्त नेहमीचे उपचार मिळाले; मोजले २८ दिवसांतले मृत्यू.

मग वाटणी. गट संगणकाने ठरवला आणि रुग्णाची नोंद होईपर्यंत तो डॉक्टरांना कळत नव्हता, त्यामुळे गंभीर रुग्णाला हव्या त्या गटात घालणं शक्य नव्हतं. औषध कोणाला मिळतंय हे नंतर उघड होतं. वेदना मोजायच्या असत्या तर हा मोठा दोष ठरला असता. मृत्यू मोजताना तो फारसा आड येत नाही.

आता आकडे, इथे घाई नको. नेहमीच्या उपचारांत २५.७ टक्के दगावले, औषधाच्या गटात २२.९. व्हेंटिलेटरवरच्यांत मात्र ४१.४ विरुद्ध २९.३, म्हणजे साधारण आठ जणांना औषध दिलं की एक जीव वाचतो. ऑक्सिजन न लागणाऱ्यांत फायदा दिसलाच नाही: १४ विरुद्ध १७.८, म्हणजे औषध घेणाऱ्यांतच मृत्यू जास्त. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. तरी घरी असलेल्या सौम्य रुग्णाला स्टेरॉइड लिहून द्यायला या चाचणीचा आधार मिळत नाही.