आधी रिकामी चौकट, मग नवा नट

‘आर्मी ऑफ द डेड’ (2021) चित्रित झाल्यावर दिग्दर्शक झॅक स्नायडरने ख्रिस डेलियाच्या जागी टिग नोटारोला घेतलं. तिची दृश्यं नंतर ग्रीन स्क्रीनसमोर चित्रित झाली.

नव्या नटाची आकृती जुन्यावर तंतोतंत बसत नाही. जुन्याचा खांदा, कोपर बाहेर डोकावतं. म्हणून आधी माणूसविरहित ‘क्लीन प्लेट’ बनवतात. कॅमेरा किंवा नट हलला, की झाकलेली भिंत दुसऱ्या फ्रेममध्ये उघडी पडते. तोच तुकडा उचलून जागेवर बसवतात. जे कधीच दिसलं नाही, ते रंगवून किंवा थ्रीडीत उभारतात. सावली आणि काचेतलं प्रतिबिंबही पुसावं लागतं.

जोड ओळखायची खूण? आजूबाजूचे ग्रेन थरथरत असताना तेवढाच तुकडा गोठलेला दिसतो.