कोरी लेन, पसरट पट्टा

मातीतून डीएनए काढायचा आणि त्यातल्या जिवाणूंचं १६एस आरआरएनए जनुक पीसीआरने वाढवायचं, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं नेहमीचं प्रॅक्टिकल आहे. २७एफ आणि १४९२आर ही प्रायमरची जोडी वापरली, की साधारण १५०० बेसजोड्यांचा तुकडा मिळतो. एक टक्का अगॅरोज जेलवर तो लॅडरच्या १५०० च्या खुणेशेजारी ठळक दिसायला हवा. प्रत्यक्षात मात्र मातीच्या नमुन्यांच्या लेन बरेचदा कोऱ्या येतात, नाहीतर वरपासून खालपर्यंत धूसर पट्टा येतो. मग जर्नलमधल्या चर्चेच्या भागात एक ठरलेलं वाक्य पडतं: ‘हाताळणीतील चुकांमुळे किंवा रसायनांच्या दर्जामुळे अपेक्षित बँड मिळाला नाही.’

हे वाक्य कुठल्याही फसलेल्या प्रयोगाखाली खपून जाईल, हीच त्याची अडचण. शिवाय बँड का आला नाही याचं अर्धं उत्तर त्याच जेलवर, शेजारच्या लेनमध्ये असतं.

एक नमुनेदार जेल घेऊ. पहिल्या लेनमध्ये लॅडर आहे. दुसरीत पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे मातीऐवजी ई. कोलायचा शुद्ध डीएनए घातलेली नळी. तिसरीत निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे डीएनएऐवजी नुसतं पाणी. चौथी आणि पाचवी लेन मातीच्या दोन नमुन्यांची. लॅडर स्वच्छ उमटला आहे, दुसऱ्या लेनमध्ये १५०० ला ठळक बँड आहे, तिसरी कोरी आहे आणि चौथी-पाचवीही कोरीच. फक्त अगदी तळाशी, शंभरच्याही खाली, फिकट ठिपका आहे. प्रायमर एकमेकांनाच चिकटून वाढले की असा ठिपका दिसतो.

लॅडर दिसतो आहे, म्हणजे जेल, बफर, रंजक आणि वीजप्रवाह ठीक होते. तोच गायब असता तर रंजक घालायचं राहिलं का, विजेच्या तारा उलट जोडल्या गेल्या का, हे आधी पाहावं लागलं असतं. डीएनए ऋणभारित असतो आणि धनाग्राकडे सरकतो. तारा उलट्या लागल्या तर तो वेलमधून मागच्या बाजूने जेलबाहेर निघून जातो. दुसऱ्या लेनमधला बँड आणखी पुढचं सांगतो: टॅक एन्झाइम, न्यूक्लिओटाइड, मॅग्नेशियम, प्रायमर आणि यंत्रातलं तापमानाचं चक्र, सगळं चाललं. सगळ्या नळ्यांमध्ये एकाच मिश्रणाचा वाटा घातला असेल, तर ‘रसायनं खराब होती’ असं लिहायला आता जागा उरत नाही.

संशय उरतो तो मातीतून काढलेल्या डीएनएवर. तिथे शक्यता दोन. एकतर डीएनए पुरेसा आलाच नाही, किंवा आला पण त्याच्यासोबत एन्झाइमचं काम अडवणारं काहीतरी आलं. मातीच्या बाबतीत दुसरी शक्यता फार बळकट असते, कारण कुजलेल्या पालापाचोळ्यातून तयार होणारी ह्यूमिक आम्लं डीएनएबरोबरच बाहेर पडतात आणि टॅकला काम करू देत नाहीत. काढलेल्या द्रावणाला तपकिरी छटा असेल तर ती पहिली खूण. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २३० नॅनोमीटरच्या वाचनांचं गुणोत्तर शुद्ध डीएनएसाठी दोनच्या आसपास असतं. ते बरंच खाली आलं तर ही दुसरी खूण. तरी या खुणांवरून निकाल देता येत नाही. डीएनए काढताना वापरलेल्या फिनॉलचे किंवा ग्वानिडीन क्षारांचे अवशेष राहिले, तरीही हे गुणोत्तर घसरतं.

निर्णायक पुरावा एका साध्या नळीतून मिळतो. पॉझिटिव्ह कंट्रोलसारखीच आणखी एक नळी तयार करायची आणि तिच्यात ई. कोलायच्या डीएनएसोबत मातीच्या द्रावणाचे दोन मायक्रोलिटर घालायचे. एरवी ठळक येणारा बँड या नळीत नाहीसा झाला, तर अडथळा मातीच्या द्रावणातच आहे. बँड तसाच राहिला, तर डीएनए कमी होता किंवा तुटलेला होता, या बाजूने शोध घ्यायचा.

अडथळा सापडला तर पहिला उपाय बिनखर्चाचा आहे: द्रावण दहापट पातळ करून तेवढंच घालायचं. डीएनए आधीच दिसत नाही, मग तो आणखी कमी करून काय साधणार, असं वाटणं साहजिक आहे. पण पीसीआरमध्ये प्रत्येक चक्रात तुकड्यांची संख्या जवळपास दुप्पट होते. त्यामुळे दहापट घट भरून काढायला तीन-चार चक्रं पुरतात, आणि ३० चक्रांच्या कार्यक्रमात तेवढी सवड बहुधा असते. अडथळा आणणारा पदार्थ मात्र चक्रागणिक वाढत नाही. तो दहापट कमी झाला, की बऱ्याचदा एन्झाइमला सोसवेल इतकाच उरतो.

पसरट पट्ट्याचं वाचनही लॅडरपासूनच सुरू होतं. लॅडरचे बँडही फिसकटलेले असतील तर दोष जेलचा: व्होल्टेज जास्त ठेवल्याने जेल तापला असेल किंवा बफर चुकला असेल. लॅडर रेखीव आणि फक्त नमुन्याची लेन धूसर असेल, तर दोष नळीतला. बँड उमटला नाही म्हणून भरपूर डीएनए घालून चक्रं ३० वरून ४० केली, तर हेच होण्याची शक्यता असते. २५ मायक्रोलिटरच्या नळीत ५०० नॅनोग्रॅम डीएनए घातला आणि त्यातले पाच मायक्रोलिटर जेलवर चढवले, तर १०० नॅनोग्रॅम मूळ डीएनएच लेनमध्ये उतरतो, आणि तो तुटलेला असला तर पट्टा त्याचाच असू शकतो. हे ताडायला तेवढाच डीएनए पीसीआर न करता शेजारी चढवून पाहावा. तिथेही तोच पट्टा दिसला तर तो पीसीआरमधून आलेलाच नाही. तिथे लेन जवळजवळ कोरी असेल, तर पट्टा नळीत तयार झाला आहे. मग चक्रं कमी करणं, किंवा प्रायमर नको तिथे चिकटू नयेत म्हणून त्यांचं जोडणीचं तापमान दोन-दोन अंशांनी वाढवणं, यांपैकी एका वेळी एकच बदल करायचा. दोन्ही एकदम केले तर कशाने गुण आला ते लिहिता येत नाही.

१६एसच्या प्रयोगात आणखी एक गोम आहे. टॅक एन्झाइम सहसा ई. कोलायमध्येच तयार केलं जातं, आणि त्या जिवाणूचा किंचित डीएनए एन्झाइमसोबत राहू शकतो. म्हणून चक्रं वाढवली की पाण्याच्या नळीतही १५०० ला फिकट बँड उमटू शकतो. तसं झालं, तर मातीच्या लेनमधला तितकाच फिकट बँड मातीतल्या जिवाणूंचा आहे असा दावा करता येत नाही.

वरच्या जेलवरची चर्चा मग अशी लिहिता येते: ‘पॉझिटिव्ह कंट्रोलमध्ये १५०० बेसजोड्यांचा बँड मिळाला, निगेटिव्ह कंट्रोल स्वच्छ होता आणि मातीच्या दोन्ही नमुन्यांत बँड नव्हता. मातीचं द्रावण मिसळल्यावर पॉझिटिव्ह कंट्रोलचा बँडही नाहीसा झाला, आणि द्रावण दहापट पातळ केल्यावर नमुन्यांत बँड आला. त्यावरून द्रावणात पीसीआरला अडथळा आणणारा पदार्थ असल्याचं दिसतं. तपकिरी छटेमुळे तो ह्यूमिक आम्ल असण्याची शक्यता आहे, पण या प्रयोगाने ते सिद्ध होत नाही.’ मिसळून पाहण्याची चाचणी केलीच नसेल, तर दुसऱ्या वाक्याच्या जागी तीच ‘पुढे करावयाची चाचणी’ म्हणून लिहायची आणि अडथळ्याचा उल्लेख शक्यता म्हणूनच ठेवायचा.