आजोबांच्या गालावरची घडी

आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो जेमतेम ३ बाय ४ इंचांचा. ६०० डीपीआयने स्कॅन केला, म्हणजे ३०० डीपीआयने ६ बाय ८ इंच नीट छापता येतो. त्याहून मोठ्या फ्रेमचा हट्ट धरला की चेहरे धूसर होतात. मूळ स्कॅन बाजूला ठेवून प्रतीवर काम केलं. आधी लेव्हल्समध्ये दोन्ही टोकं आत सरकवून फिकेपणा घालवला, कारण उठाव आल्यावरच घडीच्या बारीक रेघा दिसतात. गालावरची घडी हीलिंग ब्रशने सहज गेली. कोटाच्या कडेशी मात्र तो काळं-पांढरं कालवून डाग पाडतो. तिथे क्लोन स्टॅम्प वापरला. घडी डोळ्यावरून गेली असती, तर मी ती तशीच ठेवली असती. डोळा नव्याने रंगवला, की आजोबा भलतेच कुणी दिसू लागतात.