डोळे नको, तोंड बघ

आजीला नवा फोन घेऊन तीन दिवसही झाले नव्हते. तिच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकूंचे यजमान गेल्याची बातमी आली. आजीनं लिहिलं, 'फार वाईट झाले', आणि पुढे टाकले 😂😂😂. मावशीचा लगेच मला फोन : "अरे, आजीनं काय पाठवलंय बघ!" मी आजीजवळ गेलो, तर ती म्हणाली, "रडतोय ना तो? डोळ्यांतून पाणी येतंय की."

गैरसमज : डोळ्यांत पाणी म्हणजे रडणं. 😂 या चेहऱ्याच्या डोळ्यांत पाणी आहे, पण ते हसून हसून आलेलं. युनिकोड या संस्थेच्या यादीत त्याचं नावच 'आनंदाश्रूंचा चेहरा' अशा अर्थाचं आहे. आजीच्या हाताला तोच लागला यालाही कारण आहे. इमोजींची यादी हसऱ्या चेहऱ्यांपासून सुरू होते आणि 😂 अगदी पहिल्या ओळींत असतो. रडणारे चेहरे बरेच खाली आहेत. बोटानं यादी वर सरकवल्याशिवाय ते दिसतच नाहीत. पाणी असलेला पहिला चेहरा दिसला की आजी तिथंच थांबायची.

मी तिचा चष्मा आणून दिला, पाण्याचे थेंब दिसणारे चार चेहरे मोठे करून दाखवले आणि सांगितलं, "आजी, डोळे नको बघूस, तोंड बघ." 😂 चं तोंड हसण्यानं फाकलेलं आहे, वरचे दात दिसतात. 😢 चे ओठ खाली वळलेत आणि एकच थेंब आहे. हे साधं दुःख. 😭 च्या डोळ्यांतून धारा लागल्यात, तोंड उघडं आहे, हा हंबरडा. तरुण मुलं मात्र खूप हसू आलं तरी हाच टाकतात, म्हणून नातवानं 😭 पाठवला तर आधी वरचं वाक्य वाचायचं. चौथा 😪. तो रडत नाही, झोपलाय. जपानी चित्रकथांत झोपलेल्या माणसाच्या नाकाशी फुगा काढतात, तो हा. आपल्याला तो थेंब वाटतो.

दुःखाच्या निरोपाला मी आजीला एकच चिन्ह पक्कं करून दिलं : 🙏. हे दोन माणसांनी दिलेल्या टाळीचं चित्र आहे असं काही जण छातीठोकपणे सांगतात. पण युनिकोडमध्ये त्याचं नाव 'जोडलेले हात' असंच आहे, आणि मराठी घरांत ते नमस्कार, आभार, श्रद्धांजली या तिन्ही ठिकाणी शोभतं. 👍 मात्र दुःखाच्या निरोपाला नको. 'बरं, कळलं' असा कोरडा अर्थ निघतो.

गैरसमज : स्टिकरही इमोजीसारखंच आधी खाली दिसतं, मग पाठवायचं. इमोजी हे अक्षरासारखं आहे. ते लिहायच्या चौकटीत उमटतं, नको असेल तर खोडता येतं आणि बाणाचं बटण दाबल्यावरच जातं. स्टिकर हे चित्र आहे, बोट टेकताच ते निघून जातं. 'शुभ सकाळ'चा गणपती नुसता बघायला म्हणून आजीनं त्यावर बोट ठेवलं आणि तो थेट बँकेतल्या साहेबांना गेला. आता ती सराव स्वतःच्याच नंबरच्या चॅटमध्ये करते. यादीत स्वतःच्या नावापुढे `(You)` दिसतं, ते हे चॅट. आवडलेलं स्टिकर कुणाकडून आलं की त्यावर एकदा बोट टेकवून ती ते आवडत्यांत ठेवते. मग शंभर चित्रांत शोधाशोध नको.

गैरसमज : आपल्या फोनवरून पुसलं की सगळीकडचं गेलं. अँड्रॉइड फोनवर निरोपावर बोट दाबून धरलं की वर कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह येतं. ते दाबल्यावर `Delete for everyone` निवडायचं. `Delete for me` निवडलं तर फक्त आपल्याकडचं जातं आणि तिकडे चूक तशीच राहते. सगळ्यांकडचं पुसायची मुदत साधारण अडीच दिवस असते. ज्यांनी आधीच वाचलं, त्यांनी ते वाचलेलंच असतं, आणि त्या जागी निरोप पुसल्याची एक ओळ उरते.

एक सावधगिरी आणखी. दुसऱ्याच्या निरोपावर बोट दाबून धरलं की 👍 ❤️ 😂 😮 😢 🙏 अशी पट्टी येते. तिच्यात हसणारा आणि रडणारा यांच्यामध्ये एकच चेहरा आहे. बोट जरासं सरकलं की घोटाळा. चुकीचा चेहरा चिकटलाच, तर त्यावर पुन्हा बोट टेकवून तो काढता येतो.

त्या दिवशी आम्ही तो निरोप पुसला. आजीनं पुन्हा 'फार वाईट झाले' लिहिलं, या वेळी पुढे एकच 🙏. मग फोन कानाला लावून ती काकूंशी वीस मिनिटं बोलली.