चाल तीच, चिलखत नवे

स्पाइन नावाच्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरसोबत नमुना म्हणून दोन गॉब्लिन मिळतात, एक पुरुष आणि एक मुलगी. दोघांची डोकी, धडे, हातपाय, सगळी चित्रे वेगळी. तरीही दोघे एकाच चालीने चालतात, कारण ती चाल एकदाच रचलेली आहे.

हे साधते ते हालचाल आणि चित्र वेगळे ठेवल्यामुळे. आत हाडांचा सांगाडा असतो आणि ॲनिमेशन हलवते ती हाडे. हाडांवर खुंट्या असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. खुंटीवर जे चित्र टांगायचे, ती अटॅचमेंट. चित्रकार खांद्याचे हाड फिरवतो तेव्हा त्या खुंटीवर सुती बाही आहे की पोलादी चिलखत, याच्याशी हाडाला देणेघेणे नसते.

पण गॉब्लिनच्या चालीत डोळ्यांची उघडझापही आहे, म्हणजे मध्येच चित्र बदलते. तिथे ॲनिमेशनने थेट पुरुषाच्या मिटलेल्या डोळ्यांचे चित्र मागितले असते, तर मुलीच्या चेहऱ्यावर भलतेच डोळे आले असते. म्हणून ॲनिमेशन फक्त `eyes-closed` हे नाव उच्चारते. त्या नावाने कोणते चित्र द्यायचे, ते स्किन ठरवते. स्किन म्हणजे अशा नावांची आणि चित्रांची यादी. मला या रचनेतले सर्वांत सुंदर काम हेच वाटते. हातातला भाला आणि खंजीर मात्र दोघांना सामाईक, म्हणून ते या याद्यांबाहेर ठेवलेले आहेत.

खेळात टोप, चिलखत, बूट यांच्या छोट्या स्किन करून त्या चालू खेळातच एकत्र जोडता येतात. इथेच नेहमीची एक चूक होते. टोप असलेली स्किन काढून बिनटोपाची लावली, तरी टोप डोक्यावर तसाच राहतो. नव्या यादीत त्या नावाचे चित्रच नसते, आणि बदलीचे चित्र सापडले नाही तर सॉफ्टवेअर जुने काढत नाही. उपाय असा, की स्किन बदलल्यावर सगळ्या खुंट्या मूळ स्थितीला आणायच्या आणि मग ॲनिमेशन पुन्हा लागू करायचे.

फडफडणाऱ्या अंगरख्याला एवढेही पुरत नाही. तिथे चित्रावर बिंदूंची जाळी असते आणि ॲनिमेशन ते बिंदू सरकवते. दुसऱ्या रंगाचा अंगरखा हवा असेल, तर पहिल्याच जाळीला जोडलेली जाळी, म्हणजे लिंक्ड मेश, वापरतात: बिंदू तेच, चित्र नवे. पण नवा अंगरखा घोट्यापर्यंत लांब असेल, तर कमरेपुरत्या जाळीत तो मावत नाही. त्याला स्वतःची जाळी लागते, आणि तिची फडफड निराळी रचावी लागते.