चारीत पाणी किती वाहतंय?

शेताच्या तोंडाशी चारी वाहत असते. पाणी किती येतंय असं विचारलं, तर उत्तर बहुधा खोलीत मिळतं: गुडघाभर आहे, वीतभर आहे. खोली डोळ्यांना दिसते म्हणून तीच सांगितली जाते. पण गुडघाभर पाणी रेंगाळत असेल आणि वीतभर पाणी धावत असेल, तर शेताला जास्त पाणी दुसऱ्या चारीतून मिळू शकतं. ही गल्लत फार जुनी आहे. इसवी सन 97 मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याची सूत्रं हाती घेतलेला फ्रॉन्टिनस नळाच्या तोंडाच्या आकारावरून पाण्याचा हिशेब मांडायचा. वेगानं येणारं पाणी जास्त भरतं हे त्याला दिसत होतं, पण तो वेग हिशेबात धरायची रीत त्याच्यापाशी नव्हती. ती ठळकपणे मांडली गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली यानं, 1628 मध्ये. प्रवाहाच्या काटछेदाचं क्षेत्रफळ काढा, त्याला पाण्याच्या वेगानं गुणा, म्हणजे एका सेकंदात किती पाणी पुढे गेलं ते कळतं. यालाच आपण विसर्ग म्हणतो.

धरणाच्या बातम्यांमधला विसर्ग हजारो क्युसेकमध्ये असतो. शेतचारीवर मामला एक-दोन क्युसेकचा, आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर. 2005 च्या कायद्यानं महाराष्ट्रात पाणी वापर संस्थांना पाणी मोजून, म्हणजे घनमापन पद्धतीनं द्यायचं ठरलं. संस्थेच्या मुखाशी मोजमापासाठी फ्ल्यूम असतो. पण तिथून पुढे फुटणाऱ्या पोटचाऱ्यांवर सहसा काहीच नसतं, आणि सभासदांमधली खरी वाटणी तर तिथेच होते. तिथे कामाला येते ती तरंगत्या वस्तूची पद्धत. मीटरपट्टी, सुतळी, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि एखादं संत्रं, एवढ्यावर ती भागते.

संत्रं अशासाठी की ते तरंगतं, पण बहुतेक पाण्यात बुडालेलं राहतं. थर्माकोलचा तुकडा पाण्याबरोबर कमी आणि वाऱ्याबरोबर जास्त जातो. अर्धी भरलेली छोटी बाटलीही चालते, फक्त ती तळाला घासता कामा नये.

आधी जागा निवडायची. चारीचा वीसेक मीटरचा सरळ तुकडा हवा, जिथे वळण नाही, पायरी नाही, मध्येच कुणी आडवा दगड टाकून पाणी अडवलेलं नाही. खाली कुठे आडवण असेल तर पाण्याला फुगवटा येतो. मग खोली भरपूर दिसते, पण पाणी जवळपास उभंच असतं. तुकड्याच्या दोन्ही टोकांना काठावर खुंट्या ठोकून प्रवाहाला काटकोनात सुतळी बांधायची. आणखी एक खुंटी पाण्याच्या कडेला रोवून तिच्यावर पाण्याच्या पातळीची खूण करायची. मोजणी संपल्यावर पाणी त्या खुणेवर नसेल, तर मध्ये कुणीतरी वरचं दार फिरवलं आहे आणि सगळं पुन्हा मोजायला हवं.

आता काटछेद. मातीची चारी कागदावर समलंब चौकोनी असते. प्रत्यक्षात तिचा तळ गाळानं उचललेला आणि काठ जनावरांच्या पायांनी ढासळलेला असतो. म्हणून मधली एकच खोली घेऊन भागत नाही. समजा पाण्याच्या पृष्ठभागाची रुंदी 100 सेंटिमीटर आहे. एका काठापासून दर 20 सेंटिमीटरवर पट्टी उभी धरली आणि खोली मिळाली 18, 29, 31 आणि 20 सेंटिमीटर. दोन्ही काठांवर शून्य. अंतरं सारखी आहेत आणि कडेला खोली शून्य आहे, त्यामुळे हिशेब सोपा होतो. चारही खोल्यांची बेरीज 98, तिला 20 नं गुणलं की 1,960 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 0.196 चौरस मीटर. असाच काटछेद तुकड्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी काढून तिन्हींची सरासरी घ्यायची. आपण ती 0.196 च आली असं धरू.

इथे दोन बारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात. पट्टी रुंद बाजूनं प्रवाहासमोर धरली तर पाणी तिच्यावर चढतं आणि खोली जास्त दिसते, म्हणून तिची धार प्रवाहाकडे ठेवायची. दुसरी गोष्ट गाळाची. मऊ गाळात पट्टी दोन-तीन सेंटिमीटर सहज शिरते. वीस सेंटिमीटर खोलीच्या चारीत ही चूक दहा-पंधरा टक्क्यांची झाली, आणि विसर्गही तेवढाच फुगला. पट्टीच्या टोकाला पत्र्याचा चपटा तुकडा बसवला की ती गाळावरच टेकते.

मग वेग. संत्रं पहिल्या सुतळीच्या पाच-सहा मीटर वर, मधल्या धारेत सोडायचं, म्हणजे सुतळीपाशी येईपर्यंत ते पाण्याच्या वेगाला लागतं. पहिल्या सुतळीखाली घड्याळ सुरू, दुसरीखाली बंद. आपल्या उदाहरणात 20 मीटरला लागलेला वेळ होता 41, 43, 42, 55, 40 आणि 44 सेकंद. 55 च्या वेळी संत्रं काठाच्या लव्हाळ्यात अडकून सुटलं होतं. असा आकडा सरासरीत घ्यायचा नाही, पण तो का गाळला ते वहीत लिहायचं. उरलेल्या पाचांची सरासरी 42 सेकंद. वीस मीटर भागिले 42, म्हणजे सेकंदाला 0.476 मीटर.

क्षेत्रफळ आणि वेग गुणले की येतात 0.093 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 93 लिटर. तीन क्युसेकच्याही वर. अनेक जण इथेच थांबतात आणि खुशीत येतात. पण हा आकडा चारीतल्या पाण्याचा नाही.

संत्र्यानं सांगितला तो मधल्या धारेचा, वरच्या थराचा वेग, म्हणजे जवळपास चारीतला सर्वांत जास्त वेग. तळाला आणि काठांना लागलेलं पाणी मातीशी घर्षण होऊन मागे रेंगाळतं, आणि त्याच्या शेजारच्या थरालाही मागे ओढतं. संपूर्ण काटछेदाचा सरासरी वेग म्हणून बराच कमी असतो. तो काढण्यासाठी पृष्ठभागाच्या वेगाला एका गुणकानं गुणावं लागतं. पुष्कळ पुस्तिकांमध्ये हा गुणक 0.85 दिलेला असतो, आणि माझ्या मते छोट्या चारीवरची बहुतेक चुकीची मापं इथेच जन्मतात.

0.85 हा आकडा खोटा नाही. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. नदीच्या एका उभ्या रेषेवर, पृष्ठभागापासून तळापर्यंत, सरासरी वेग पृष्ठभागाच्या सुमारे 0.85 पट असतो. त्यात फक्त तळाचं घर्षण धरलेलं आहे. रुंद नदीत काठांचा वाटा नगण्य, आणि तिथे अनेक उभ्या रेषांवर वेगवेगळे वेग मोजले जातात. आपल्या मीटरभर रुंदीच्या चारीत एकच संत्रं मधून सोडलेलं आहे, आणि पाण्याचा मोठा हिस्सा कुठल्या ना कुठल्या मातीच्या अगदी जवळ आहे. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ रेक्लमेशन या सिंचन खात्याच्या जलमापन पुस्तिकेत मधल्या धारेच्या वेगासाठी खोलीनुसार गुणक दिले आहेत. सरासरी खोली एक फूट असेल तर 0.66, तीन फूट असेल तर 0.70, आणि वीस फुटांच्या वर गेल्यावर कुठे 0.80. आपल्या चारीची सरासरी खोली फूटभरही नाही, तेव्हा 0.66 हासुद्धा थोडा उदारच.

तो लावला की सरासरी वेग 0.314 मीटर आणि विसर्ग सेकंदाला सुमारे 62 लिटर, म्हणजे जेमतेम 2.2 क्युसेक. 0.85 लावला असता तर 79 लिटर आले असते.

हा फरक शेतात कसा उतरतो ते पाहू. एका हेक्टरला 75 मिलिमीटरचं पाणी द्यायचं आहे, म्हणजे 750 घनमीटर. सेकंदाला 62 लिटर हे तासाला सुमारे 223 घनमीटर होतात, म्हणून भिजवायला तीन तास बावीस मिनिटं लागतील. पाटकऱ्यानं 79 लिटर धरून पाळी बांधली, तर तो दोन तास अडतीस मिनिटांत पाणी पुढच्याकडे वळवेल. शेतकऱ्याच्या हाती पडतील 59 मिलिमीटर आणि वहीत लिहिले जातील 75. पाणी कुणी चोरलेलं नसतं, तरी भांडण पेटतं.

दुरुस्त गुणक लावूनही ही पद्धत दहा-वीस टक्क्यांनी इकडेतिकडे होते, हे मान्य करूनच ती वापरायला हवी. चारीत गवत माजलं असेल तर तीही बिघडते. मधली धार पळत राहते, कडेचं पाणी लव्हाळ्यात थिजलेलं असतं आणि 0.66 सुद्धा जास्त ठरतो. चिमूटभर भुसा कडेला टाकला की हे लगेच दिसतं. तो जागच्या जागी फिरत राहिला, तर तेवढी रुंदी काटछेदातून वगळायची. वाऱ्याचा कडेचा झोत असेल, किंवा संत्र्याला वीस मीटरला दोन-तीन मिनिटं लागत असतील, तर मोजण्याचा हट्ट सोडावा.

मात्र गळती शोधायला ही ढोबळ पद्धत वाटते त्याहून बरी आहे. एकाच चारीवर वरच्या आणि खालच्या सारख्या तुकड्यांत, एकाच माणसानं, तोच गुणक लावून मोजलं, तर गुणकाची चूक दोन्हीकडे सारखीच पडते. वर 62 आणि खाली 58 आले तर त्यावरून काही सांगता येत नाही. वर 62 आणि खाली 40 आले तर मधल्या भरावावर चालत जाऊन उंदरांची, खेकड्यांची बिळं आणि फुटलेली तोंडं शोधायला हवीत.

आणि संस्थेच्या मुखाशी फ्ल्यूम चांगल्या स्थितीत असेल, तर पुस्तकातल्या गुणकावर अवलंबून राहायचं कारणच नाही. फ्ल्यूमच्या लगेच खाली, मध्ये एकही फाटा फुटायच्या आत, संत्रं सोडून मोजायचं. समजा क्षेत्रफळ गुणिले पृष्ठभागाचा वेग 93 लिटर आला आणि त्याच वेळी फ्ल्यूमची पट्टी 58 दाखवते. 58 भागिले 93, म्हणजे 0.62. हा तुमच्या मातीचा, तुमच्या चारीचा गुणक. चारी भरून असताना आणि अर्धी असताना तो वेगवेगळा काढून ठेवायचा, आणि साफसफाई झाली किंवा गवत वाढलं की पुन्हा काढायचा.